साठ पॉइंट, पंचाहत्तर फूट

मी ज्या वर्तमानपत्रात अठरा वर्षे डेस्कवर होते, तिथे एक शब्द दिवसातून पन्नास वेळा ऐकू यायचा: बसव. बातमी चौदा ओळींची असो की चाळीस, तिला दिलेल्या जागेत बसवायचे. आधी ओळींमधले अंतर कमी करायचे, मग अक्षराचे माप अर्ध्या पॉइंटाने उतरवायचे, तरीही राहिली तर आणखी अर्ध्याने. वाचक पेपर हातात धरून वाचतो. त्याला लहान वाटले तर तो पेपर डोळ्यांजवळ नेतो. त्यामुळे त्या अर्ध्या पॉइंटाची तक्रार कधी आली नाही.

पेपरची बेळगाव आवृत्ती बंद झाल्यावर मी घरीच काम सुरू केले. उद्यमबागेतल्या कारखान्यांची माहितीपत्रके, सूचनाफलक, सभांसाठी पडद्यावर दाखवायच्या स्लाइड. मराठी आणि कन्नड दोन्ही नीट टाइप करणारी माणसे कमी आहेत, म्हणून काम मिळत गेले.

माझा थोरला भाऊ उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत भट्टीवर आहे. आम्ही सगळे त्याला आण्णा म्हणतो. बेळगुंदीजवळच्या आमच्या घरून तो मोटारसायकलने कामावर जातो. बारा वर्षे तो त्याच भट्टीवर होता. दोन वर्षांपूर्वी त्या फाउंड्रीने जुनी भट्टी काढून चौपट मोठी भट्टी बसवली. ती सोमवारी सुरू व्हायची होती आणि त्याआधीच्या शनिवारी सगळ्या कामगारांची सुरक्षेची सभा ठेवली होती. त्या सभेच्या स्लाइड माझ्याकडे आल्या.

सुरक्षेचे काम पाहणारे अधिकारी चिक्कोडीकडचे होते. घरी कन्नड बोलणारे, मराठी स्वच्छ, थोडे पुस्तकी. त्यांनी मला अकरा कागद दिले आणि दोन अटी सांगितल्या. एक, मजकूर वरिष्ठांची सही होऊन आला आहे, त्यातला शब्दही गाळायचा नाही. दोन, मराठी आणि कन्नड एकाच स्लाइडवर, शेजारी शेजारी, एकाच मापात.

दुसऱ्या अटीचे कारण त्यांना सांगावे लागले नाही. आमच्या भागात फलकावर एक भाषा दुसरीपेक्षा बोटभर लहान दिसली तरी कोणीतरी फोटो काढतो आणि संध्याकाळपर्यंत तो सगळीकडे फिरतो. ते म्हणाले, "मॅडम, मोजून घ्या. मला भांडण नको आहे."

मी मोजून घेतले. दोन्ही भाषा एका मापात बसवल्या. कन्नड अक्षरांना खाली जोडाक्षरे लटकतात, मराठीला वर वेलांट्या आणि अनुस्वार. दोन्हींना ओळींमध्ये जागा लागते. अर्ध्या स्लाइडमध्ये ती नव्हती. मी अठ्ठावीस पॉइंटाने सुरुवात केली होती, कारण त्याखाली जाऊ नये असे कुठेतरी वाचले होते. पण त्या प्रोग्रॅममध्ये एक सोय असते: चौकटीत मजकूर मावेना झाला की तो अक्षर आपोआप लहान करतो. मी ती सोय बंद केली नाही. डेस्कवर हेच काम मी हाताने करत होते. शेवटी सगळ्यात महत्त्वाची, सातवी स्लाइड सोळा पॉइंटावर बसली. अक्षराचा टाइप मी पेपरातला निवडला होता, नाजूक, काही रेषा जाड आणि काही केसासारख्या. लॅपटॉपवर तो सुंदर दिसत होता. मी दीड फुटावरून दोनदा वाचला. एकही चूक नव्हती.

सातव्या स्लाइडवर काय होते ते सांगणे भाग आहे, कारण पुढचे सगळे त्यावर आहे.

वितळलेल्या लोखंडाला भट्टीवाले रस म्हणतात. विजेच्या भट्टीत रस आतल्या अस्तरात असतो आणि अस्तराबाहेर तांब्याच्या नळीची कॉइल असते. त्या नळीतून सतत पाणी फिरते. अस्तराला तडा गेला आणि रस कॉइलकडे सरकू लागला, तर विजेची गळती होते, भट्टी आपोआप बंद पडते आणि गळतीचा लाल दिवा लागतो. दिव्याशेजारी रीसेटचे बटण असते. ते दाबले की भट्टी पुन्हा सुरू होते. गळती खरी असेल आणि रस पाण्यापर्यंत पोचला, तर पाण्याची क्षणात वाफ होते आणि रस बाहेर उडतो. प्लॅटफॉर्मवर उभ्या माणसाला पळायला वेळ मिळत नाही.

जुन्या भट्टीचा दिवा दमट हवेतही लागायचा. पावसाळ्यात तर रोज. बारा वर्षे सगळे रीसेट दाबून पुढे जात होते. कधी काही झाले नव्हते. नव्या भट्टीसाठी नियम बदलला होता: दिवा लागला तर रीसेट दाबू नये, मुख्य वीज बंद करावी, प्लॅटफॉर्म सोडावा, साहेबांना कळवावे. सातव्या स्लाइडवर हे सगळे होते, दोन्ही भाषांत, कारणांसह, आणि रीसेटचे वाक्य शेवटी, कारण सहीच्या कागदावर ते शेवटी होते.

सभा एका मंगल कार्यालयात होती. कंपनीत एवढा मोठा हॉल नाही. स्टेजवर भाड्याचा पडदा लावला होता, आठ फूट रुंद, सहा फूट उंच. समोर पाहुण्यांसाठी सोफे, लग्नात वरपक्षाला ठेवतात तसे. मालकांच्या घरची माणसे येणार होती. ती आली नाहीत. सोफे रिकामे राहिले आणि त्यांवर कोणीही बसले नाही. त्यांच्या मागे प्लॅस्टिकच्या खुर्च्यांच्या रांगा, थेट दारापर्यंत. ऑफिस आणि मशीनशॉपची माणसे आधी येऊन पुढे बसली. भट्टीवाले नव्या भट्टीच्या तयारीची पहिली पाळी संपवून, अंघोळ करून, सगळ्यात शेवटी आले आणि मागे बसले. आण्णा शेवटच्या रांगेत, डावीकडून तिसऱ्या खुर्चीवर होता.

मी पुढे, प्रोजेक्टरच्या टेबलाशी, लॅपटॉपवर. पडदा माझ्यापासून बारा फुटांवर होता.

अधिकाऱ्यांनी पहिल्याच स्लाइडला विचारले, "मागे दिसते आहे का?"

मागून तीन-चार आवाज आले, दिसतंय म्हणून. त्यांनी पुढे सुरुवात केली. प्रत्येक स्लाइडला ते विचारत होते आणि मागून होकार येत होता. ते मजकूर मोठ्याने वाचत नव्हते. कामगारांना वाचता येते, त्यांना लहान मुलासारखे वाचून दाखवणे बरे दिसत नाही, असे त्यांचे मत होते. सातवी स्लाइड त्यांनी दीड मिनिट पडद्यावर ठेवली. हॉल शांत होता. मी मागे वळून पाहिले. सगळ्यांच्या माना वर होत्या. मला वाटले, वाचताहेत.

सातवीनंतर चहा होता. आण्णाचा डबा माझ्या पिशवीत राहिला होता, तो द्यायला मी मागे गेले. डबा त्याच्या हातात देऊन सहज वळले आणि पडद्याकडे पाहिले.

सातवी स्लाइड अजून लावलेली होती. पांढऱ्या चौकोनात करड्या पट्ट्या होत्या. अक्षर नव्हते. मी डोळे बारीक केले. मजकूर मला पाठ होता, म्हणून कुठल्या पट्टीत कुठले वाक्य आहे हे कळत होते, पण वाचता एकही येत नव्हते. दारे उघडी होती, उजेड आत येत होता आणि केसासारख्या रेषा त्यात नाहीशा झाल्या होत्या. खालचे दीड-दोन फूट तर पुढच्या डोक्यांमागे जात होते. रीसेटचे वाक्य तिथेच होते.

मी आण्णाला विचारले की त्याने काय वाचले. तो डबा उघडत होता. शेजारच्या एकाने त्याच्या वतीने उत्तर दिले: "आक्का, सिनेमा बिनआवाजाचा हाय, पर झ्याक हाय." दोघे-तिघे हसले. एकाने सांगितले की दिसत न्हाय म्हटले की साहेब पुढे सोफ्यावर नेऊन बसवतात, मग सगळा हॉल पाठीकडे बघत बसतो. त्यापेक्षा दिसतंय म्हणावे.

मी पुन्हा विचारले, फक्त आण्णाला. गळतीचा दिवा लागला तर काय करायचे?

"त्यात काय," तो म्हणाला. "दिवा लागला की रीसेट. बारा वरसं तेच करतोय न्हवं गं."

त्याने भाकरीचा तुकडा मोडला. सोमवारी सकाळी सात वाजता तो त्या प्लॅटफॉर्मवर उभा राहणार होता.

मी अधिकाऱ्यांकडे गेले आणि सांगितले की मागच्या कुणालाही सातवी स्लाइड वाचता आलेली नाही. त्यांनी आधी ऐकून घेतले नाही. मागचे स्वतः होय म्हणाले होते, सगळे रेकॉर्ड झाले आहे, असे त्यांचे म्हणणे. मी त्यांना हाताला धरून नाही, पण जवळपास तसेच, शेवटच्या रांगेपर्यंत चालत नेले आणि पडद्याकडे वळायला सांगितले. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला.

"किती वेळ लागेल?" त्यांनी विचारले.

चहा वीस मिनिटांचा होता. मी अर्धा तास मागितला.

मी आधी हॉल पावलांनी मोजला. पडद्यापासून शेवटच्या रांगेपर्यंत तीस पावले. माझे पाऊल अडीच फुटांचे, म्हणजे पंचाहत्तर फूट. पेपरच्या निपाणी कार्यालयाची पाटी रंगवणारा एक म्हातारा पेंटर होता. त्याचा हिशोब मला आठवत होता: दोनशे फुटांवरून वाचायचे तर एक फूट उंच अक्षर. पंचाहत्तर फुटांना साडेचार इंच.

पडदा सहा फूट, म्हणजे बहात्तर इंच उंच. स्लाइडची उंची साडेसात इंच, इंचाला बहात्तर पॉइंट धरून पाचशे चाळीस पॉइंट. पडद्यावरचा एक इंच म्हणजे साडेसात पॉइंट. साडेचार इंच म्हणजे सुमारे चौतीस. पण प्रोग्रॅममध्ये दाखवतात तो आकडा अक्षराच्या उंचीचा नसतो. त्यात वरच्या मात्रांची आणि खालच्या उकारांची जागाही धरलेली असते. शिरोरेघेपासून पायापर्यंत अक्षर त्याच्या निम्म्याहून थोडे जास्त भरते. चौतीस पॉइंटांचे अक्षर हवे तर आकडा साठ घालावा लागतो.

मी घातला होता सोळा. त्याचे अक्षर पडद्यावर जेमतेम सव्वा इंचाचे होत होते.

अठ्ठावीसही पुरला नसता. तो आकडा वर्गाएवढ्या खोलीसाठी असावा. हॉल किती लांब आणि पडदा किती उंच, हे न विचारता कुठलाच आकडा खरा नसतो. हे मला त्या क्षणी कळले, आणि त्याच वेळी हेही कळले की हे न विचारता मी आजवर किती सभांची कामे दिली होती.

साठ पॉइंटात एका स्लाइडवर सहा-सात शब्द बसतात. दोन भाषा शेजारी बसणे शक्यच नव्हते. मी अधिकाऱ्यांना म्हटले की एक वाक्य, एक स्लाइड. आधी एका भाषेत, मग तेच दुसऱ्या भाषेत. कारणे तुम्ही तोंडाने सांगा आणि सही झालेला मजकूर छापून हातात द्या. ते म्हणाले, आधी कुठली भाषा? मी म्हटले, एका नियमाला मराठी आधी, पुढच्याला कन्नड आधी. त्यांनी मान हलवली, पण कपाळावरचा घाम पुसला. सहीच्या कागदाला पहिल्यांदाच हात लागत होता.

टाइप बदलला. सगळ्या रेषा सारख्या जाडीचा, साधा, ठसठशीत. अक्षर आपोआप लहान करण्याची सोय बंद केली. खालचा तिसरा भाग मोकळा ठेवला, डोक्यांसाठी. पांढऱ्याऐवजी गडद निळी पार्श्वभूमी आणि पांढरी अक्षरे घ्यावी असे वाटले, पण उघड्या दारांच्या उजेडात निळा फिका पडला. परत पांढऱ्यावर काळे केले आणि पुढच्या बाजूची दारे लावून घेतली. दोनदा चुकीची स्लाइड पुसली.

मग तपासणी. मी स्वतः मागे जाऊन वाचून उपयोग नव्हता, कारण मजकूर मला माहीत होता. डेस्कवर म्हणतात की स्वतः लिहिलेल्याचे मुद्रितशोधन स्वतः करू नये. डोळा कागदावरचे वाचत नाही, मनातले वाचतो. मी कार्यालयात भांडी आवरणाऱ्या बाईंना शेवटच्या रांगेत नेले. त्यांनी सरळ वाचले: "रीसेट दाबू नये." आणि मला विचारले, "म्हंजे काय गं?" ते त्यांना कळण्याची गरज नव्हती.

सभा पुन्हा सुरू झाली. या वेळी मी अधिकाऱ्यांना सांगून ठेवले होते की दिसते का असे विचारू नका. मागच्या रांगेला मोठ्याने वाचायला सांगा. त्यांनी सांगितले. मागची रांग आधी लाजली, मग एका सुरात वाचू लागली, शाळेतल्यासारखी. पुढचे हसले. मी मागे, भिंतीला टेकून उभी होते, लॅपटॉप एका ऑफिसातल्या माणसाकडे देऊन.

मला आण्णाचे ओठ दिसत होते.

रांग म्हणत होती, "मुख्य वीज बंद करा." आण्णाचे ओठ हलत होते, पण उशिरा. "करा" म्हणताना तो "वीज"वर होता. पुढच्या स्लाइडलाही तसेच. तो पडद्यावरचे वाचत नव्हता. शेजाऱ्याचे ऐकून म्हणत होता.

मी त्याच्या मागे जाऊन वाकले. पडद्यावर काय आहे असे कानाशी विचारले. तो शेजाऱ्याबरोबर म्हणत राहिला. मी पुन्हा विचारले.

"पांढरं हाय," तो म्हणाला. "वर काळं हाय."

दरवर्षी कंपनीत डोळे तपासतात. तो दरवर्षी पास होतो. ते कसे, हे त्याने मला तिथेच, पडद्याकडे बघत, जवळजवळ ओठ न हलवता सांगितले. तक्ता बारा वर्षे तोच आहे. वरून पाचव्या ओळीपर्यंत त्याला पाठ आहे. "दूरचंच जरा," तो म्हणाला. "जवळचं सगळं दिसतंय. साहेबास्नी सांगू नगंस. भट्टीवरनं काढून झाडलोटीला घालतील."

मला आठवले, मीही दीड फुटावरून पाठ असलेला मजकूर दोनदा वाचला होता.

मी टेबलाशी गेले. रीसेटच्या वाक्याची प्रत काढली आणि आकडा साठवरून ऐंशी केला. आण्णाकडे पाहिले. त्याने कपाळाला आठ्या घातल्या. शंभर केला. आता पडद्यावर तीन शब्द तीन ओळींत होते, वरपासून खालपर्यंत. अधिकारी माझ्याकडे काय चालले आहे अशा नजरेने बघत होते. मी त्यांना म्हटले की हे वाक्य एकेकाने वाचावे, आणि भट्टीवाल्यांपासून सुरुवात करावी. डावीकडून तिसरा.

आण्णा उभा राहिला. हॉलमध्ये कोणीतरी म्हणाले, "वाच की रं, नवरदेवा." तो हसला नाही. मान थोडी पुढे काढून, एकट्याने, कोणाच्या आधी किंवा नंतर नाही, त्याने वाचले. "रीसेट. दाबू. नये."

मग तो खाली बसला. मला पुरते ठाऊक झाले होते की साठ पॉइंटाला त्याला दिसत नाही आणि शंभराला दिसते. अधिकाऱ्यांना काही कळले नाही. मी काही सांगितले नाही. त्यांनी विचारले की एवढे मोठे कशाला, आणि मी म्हटले की हा नियम सगळ्यात महत्त्वाचा आहे. ते खरे होते. पुरते खरे नव्हते.

घरी जाताना मी आण्णाच्या मागे मोटारसायकलवर बसले होते. रस्ता तोच, रोजचा. पण मी प्रत्येक ट्रकला त्याच्या खांद्यावरून पाहत होते आणि मनात म्हणत होते, हा त्याला दिसला का. बेळगुंदीच्या फाट्यावर मी त्याला थांबवले. उद्या रविवार आहे, म्हणाले. चष्मा घेऊ. नाहीतर सोमवारी सहाला मी साहेबांना फोन करते.

"करशील गं तू," तो म्हणाला. "पेपरवाली न्हवं का तू."

रविवारी आम्ही चष्मा घेतला. साधा नंबर होता, काचा दुकानात होत्या, संध्याकाळी मिळाला. त्याने तो घालून समोरच्या दुकानाची पाटी वाचली, मग त्याच्या वरच्या मजल्याची. कंपनीत त्याने सांगितले की परवा अचानक कमी दिसू लागले. त्यावर कोणी काही म्हटले नाही, फक्त प्लॅटफॉर्मवर तो आता चष्म्यावर गॉगल चढवतो म्हणून त्याला डॉक्टर म्हणून हाक मारू लागले.

सोमवारी काही झाले नाही. त्या आठवड्यात आणि पुढच्यातही काही झाले नाही. मी रोज दुपारी तीनला, पाळी सुटायच्या वेळी, मोटारसायकलचा आवाज येईपर्यंत हातात काम घेत नसे.

दीड महिन्याने, पावसात, दिवा लागला.

त्या दिवशी आण्णा पाचला आला. पायातले बूट न काढता ओसरीवर बसला. भट्टीत पूर्ण रस होता. भट्टी बंद पडली, लाल दिवा लागला. सगळे म्हणाले, ओल आहे, दाब. अस्तर तीनच दिवसांपूर्वी नवे घातलेले, त्यात ओल असतेच. त्याचा हात बटणापर्यंत गेला होता.

"मग?" मी विचारले.

"मग न्हाय दाबलं." त्याने मुख्य वीज बंद केली, चौघांना खाली उतरवले आणि साहेबांना कळवले. देखभालीची माणसे यायला आणि गळती मोजायला वेळ गेला. तोवर रस भट्टीतच गोठला. आता अस्तर फोडून सगळे काढावे लागणार होते. मशीनशॉप दोन दिवस रिकामे बसणार होते. येताना गेटवर त्याला कोणीतरी म्हणाले होते की चष्मा लागल्यापासून डॉक्टरला दिवेच दिवे दिसायला लागलेत.

"बरोबर केलं का गं मी?" त्याने विचारले.

मी म्हटले, स्लाइडवर तेच होते.

अस्तर फोडले तेव्हा आतून एक काळी रेघ कॉइलच्या दिशेने गेलेली होती. देखभालीवाल्यांचे मत, तो तडा. भट्टीवाल्यांचे मत, रस गोठताना अस्तर आकसते, तेव्हा पडलेली चीर. अधिकाऱ्यांनी दोन्ही मते लिहून घेतली. खरे काय ते कोणालाच सांगता आले नाही.

त्यानंतर मी कुठल्याही हॉलचे काम घेताना आधी पडद्याची उंची आणि शेवटच्या खुर्चीचे अंतर विचारते. घरी लॅपटॉपवरच्या स्लाइडची उंची मोजते, हॉलमध्ये शेवटची रांग पडद्याच्या उंचीच्या जितक्या पट दूर असेल तितक्या पट मागे सरकते, आणि ज्याने मजकूर पाहिलेला नाही अशा कोणाला तरी तिथून वाचायला लावते. मंगल कार्यालयाच्या त्या पडद्यासाठी ते अंतर आठ फूट येते. माझ्या टेबलापासून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत. तिथे आता बहुधा आण्णा उभा असतो. मी दर वेळी त्याला चष्मा काढून ठेवायला सांगते. त्याला न दिसणारे अक्षर मी मोठे करत जाते. कधी कधी सगळी स्लाइड तीनच शब्दांची होते आणि गिऱ्हाईक तक्रार करते.

बाहेर पाऊस असला की तो वाचता वाचता थांबतो आणि घड्याळाकडे बघतो. एव्हाना दुसरी पाळी भट्टीवर चढलेली असते.